पैठणी हातमागाची आहे का? उलट्या बाजूच्या फोटोवरून ओळखण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं ओळखीच्या आणि अनोळखी बायका मला पैठणीचे फोटो पाठवतात आणि खाली एकच ओळ लिहितात: "खरी आहे का बघा ना." बहुतेक वेळा फोटोत नेसलेली साडी असते, पदर खांद्यावर सोडलेला असतो आणि चेहरा हसरा असतो. साडी कितीही सुंदर दिसत असली तरी अशा फोटोवरून काही सांगता येत नाही. म्हणून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. हे सगळं पैठणीला धरून आहे. इतर रेशमी साड्यांचं विणकाम वेगळं असतं, त्यामुळे उलट्या बाजूचे इथले नियम त्यांना जसेच्या तसे लावू नयेत.

"खरी पैठणी" म्हणजे नेमकं काय तपासायचं?

गोंधळ इथूनच सुरू होतो. "खरी" या एका शब्दात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. सूत रेशमाचं आहे का? कापड हातमागावर, तिल्ल्यांनी म्हणजे रंगीत धागा गुंडाळलेल्या छोट्या काड्यांनी विणलंय का? आणि जरीची तार कोणत्या धातूची आहे? या तिन्हींची उत्तरं एकमेकांवर अवलंबून नसतात. शुद्ध रेशमाची साडी यंत्रमागावर विणलेली असू शकते. अस्सल हातविणीच्या पदरात तांब्याची जर असू शकते, आणि आज विकल्या जाणाऱ्या पैठण्यांमध्ये हे अगदी नेहमीचं आहे. त्यामुळे विकणाऱ्याने "ओरिजिनल आहे हो" म्हटलं की आधी विचारायचं: रेशीम ओरिजिनल, वीण ओरिजिनल, की जर ओरिजिनल?

फोटोतून या तिन्हींपैकी वीण सगळ्यात चांगली कळते. जरीचा बऱ्यापैकी अंदाज येतो. रेशमाबद्दल फोटो जवळजवळ काहीच सांगत नाही.

मग पाहायला सुरुवात कुठून करायची?

पदराच्या उलट्या बाजूपासून. अंग, काठ, चमक, रंग हे सगळं नंतर.

कारण असं. पारंपरिक पैठणीच्या पदरात नक्षीसाठी वेगळा जादा धागा घातलेला नसतो. जो आडवा धागा, म्हणजे बाणा, कापड बनवतो, तोच नक्षीही बनवतो. जमिनीसाठी जरीचा बाणा चालतो. मोराचा निळा रंग आला की तिथे निळ्या रेशमाची छोटी तिल्ली काम करते, पान आलं की हिरवी. प्रत्येक तिल्ली आपल्या रंगाच्या हद्दीपर्यंत जाते, शेजारच्या धाग्यात अडकते आणि माघारी वळते. एका ओळीत डझनावारी तिल्ल्या लोंबत असतात आणि विणकर त्या हाताने एकेक करून ओवतो. म्हणून तर भरगच्च पदर विणायला आठवडे आणि कधीकधी महिने लागतात.

अशा विणीत धागा हद्दीवरून परत फिरतो, मागून पुढच्या फुलापर्यंत लोंबत जात नाही. त्यामुळे पदर उलटा केला तरी तोच मोर, तेच रंग, मोराभोवतीची तीच गोल बांगडी दिसते, फक्त आरशातल्यासारखी फिरलेली.

जॅकार्डवर, म्हणजे नक्षीसाठी धागे उचलणाऱ्या साधनावर विणलेल्या नक्कलेत, म्हणजे बाजारात जिला "सेमी पैठणी" म्हणतात तिच्यात, नक्षीचा रंगीत धागा हा जादा बाणा असतो. नक्षीत तो वर येतो आणि नक्षी संपली की खाली जाऊन पाठीमागून धावत राहतो. उलट्या बाजूला हे मोकळे धागे ताणलेल्या तारांसारखे दिसतात. ते कापून टाकले असतील तर मोराच्या कडेने कुंचल्यासारखी झालर उरते.

उलटी बाजू अगदी स्वच्छ असेल तर ती हातमागाची समजायची का?

नाही. उलट, फारच गुळगुळीत दिसली तर मी जास्त जवळून बघते.

हाताने विणलेल्या पदराची मागची बाजू नीटनेटकी असते, पण कोरी नसते. तिल्ली जिथे सुरू झाली आणि जिथे संपली तिथे रेशमाची बारीक टोकं राहतात, दोन-चार मिलिमीटरची. कुठे गाठ दिसते. दोन रंगांच्या सीमेवर बोट फिरवलं की किंचित उंचवटा लागतो. क्वचित एखादा धागा अगदी जवळच्या दुसऱ्या पाकळीपर्यंत उडी मारतो. ही सगळी हाताची खूण आहे. "मागे धागे निघालेत, म्हणजे साडी खराब" असं समजून अस्सल पदर परत पाठवणारे लोकही मी पाहिलेत, आणि फार वाईट वाटलं.

ही टोकं आणि जॅकार्डचे मोकळे धागे यांत फरक एवढाच करायचा: टोक एका जागी असतं, मोकळा धागा प्रवास करतो. एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत, ओळीने, सगळीकडे सारख्याच लांबीचे धागे जाताना दिसले तर ती जॅकार्डची वीण.

मागच्या बाजूला जाळी किंवा पातळ कापड चिकटवलेलं किंवा शिवलेलं असेल तर फोटोवरून मत देता येत नाही. लोंबणारे धागे दागिन्यात अडकू नयेत म्हणून असं अस्तर लावतात. हेतू प्रामाणिक असू शकतो, पण जिच्या मागे लोंबणारे धागेच नाहीत तिला अस्तर कशाला? एका कोपऱ्याची दोन बोटं शिवण उसवून फोटो मागा.

जॅकार्डचे धागे दिसले म्हणजे साडी यंत्रमागाचीच, हे नक्की ना?

हेही नक्की नाही, आणि इथे विणकरांवर अन्याय होतो म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

जॅकार्ड हे मागावर बसवायचं साधन आहे. कोणता ताणा, म्हणजे उभा धागा, उचलायचा ते ते ठरवतं. ते यंत्रमागावर असतं तसं हातमागावरही असतं. येवल्यात हातमागावर जॅकार्ड बसवून ब्रोकेड पैठण्या विणल्या जातात. त्या हातानेच विणलेल्या असतात, बाणा वाहून नेणारा धोटा हातानेच फेकलेला असतो, पण नक्षी जॅकार्डने उचललेली असते आणि मागे मोकळे धागे असू शकतात. म्हणून उलट्या बाजूवरून खात्रीने एवढंच म्हणता येतं की पदर तिल्ल्यांनी विणलाय की जॅकार्डने. तिल्ल्यांचा असेल तर तो हाताचाच, कारण ते काम यंत्रमाग करत नाही. जॅकार्डचा असेल तर पुढचा प्रश्न उघडा राहतो आणि मग काठाची कड व विणीची घनता पाहायची वेळ येते.

विणीची घनता फोटोवरून कशी मोजायची?

स्टीलची मोजपट्टी साडीच्या अंगावर, नक्षी नसलेल्या साध्या भागावर ठेवायची. कापड ताणायचं नाही. फोन जवळ नेऊन, पट्टीवरच्या एक सेंटीमीटरच्या खुणा आणि धागे दोन्ही स्पष्ट दिसतील असा फोटो काढायचा. मग फोटो मोठा करून एका सेंटीमीटरमध्ये किती आडवे धागे बसतात ते मोजायचं. इंचाचा आकडा हवा असेल तर 2.54 ने गुणायचं. एकदा आडवे म्हणजे बाणा, एकदा उभे म्हणजे ताणा, असं दोनदा करायचं.

एका जागेचा आकडा निरुपयोगी. साडीच्या लांबीत हातभर अंतरावर पाच जागी बाणा मोजा. हातमागावर बाणा घट्ट बसवणाऱ्या फणीचा ठोका माणूस मारतो. सकाळी बसल्यावरचा ठोका, जेवून आल्यावरचा ठोका, बैठक बदलल्यावरचा ठोका सारखा पडत नाही. त्यामुळे पाच आकड्यांत थोडा चढउतार येतो. यंत्रमागावर दर फेऱ्याला कापड ठरलेलं अंतर पुढे सरकतं, म्हणून आकडे जवळजवळ तेच येतात.

पण याला दुजोरा देणारी खूण समजा, निकाल देणारी नाही. हात बसलेल्या विणकराचं कापड थक्क करण्याइतकं एकसारखं असतं.

यापेक्षा मला खिडकीचा फोटो जास्त सांगतो. साडीचा एकच थर उजेडासमोर धरायचा आणि प्रकाश कापडातून येताना फोटो काढायचा. हातमागाच्या कापडात आडव्या रुंदीत कुठे दाट तर कुठे विरळ अशा फिकट पट्ट्या दिसतात आणि त्यांच्यातलं अंतर असमान असतं. यंत्रमागावरही माग थांबून पुन्हा सुरू झाला की एखादी रेघ पडते, पण ती एकटीदुकटी आणि कडक असते.

ताण्याचे धागे का मोजायचे? ते तर दोन्ही मागांवर सारखेच असतात.

बरोबर, ताण्याची घनता फणी ठरवते, त्यामुळे हात की यंत्र हे त्यातून कळत नाही. पण एक वेगळी गोष्ट कळते: पदर आणि अंग एकाच कापडाचे आहेत का.

जुन्या पैठणीचं अंग विरलं की तिचे काठ-पदर सोडवून नव्या अंगावर लावायची पद्धत आहे. त्यात गैर काही नाही, मात्र ते सांगून विकलं पाहिजे. अंगात एका सेंटीमीटरला 36 ताणे आणि पदरात 30 निघाले तर ते दोन एकाच फणीतून आलेले नाहीत. मग पदर जिथे सुरू होतो तिथे उलट्या बाजूने शिवण शोधायची.

डोळ्याने दिसणारी आणखी एक खूण आहे. ताणा साडीभर सलग जातो. त्यामुळे पदराची सोनेरी जमीन मोठी करून पाहिली की जरीच्या मधून ताण्याच्या रेशमाचे रंगीत ठिपके डोकावतात. अंगाच्या ताण्याचा रंग आणि हे ठिपके जुळतात का ते पाहा.

काठाच्या कडेवरून काय समजतं?

कड खोटेपणा पटकन पकडून देते, पण खरेपणा सिद्ध करत नाही. धोटा वापरणाऱ्या मागावर बाणा कडेला वळून परत येतो आणि कड बंद असते. हे हातमागावरही होतं आणि धोट्याच्या यंत्रमागावरही. आधुनिक बिनधोट्याच्या मागांवर मात्र दर फेऱ्याला धागा कापला जातो आणि कडेला बारीक झालर राहते. अशी कापलेल्या टोकांची कड दिसली तर हातमागाचा प्रश्नच मिटला.

फोटो वरच्या काठाचा मागा. खालच्या काठाला आतून फॉल लागलेला असतो आणि बघण्यासारखं सगळं त्याच्याखाली झाकलं जातं.

दोन मोर तंतोतंत सारखे असतील तर?

हा माझा आवडता पुरावा आहे. पदरावरच्या तीन बांगड्यांतल्या तीन मोरांचे समोरून फोटो घ्यायचे आणि शेजारी शेजारी ठेवायचे. चोच किती ओळींची, डोळा कुठे, पिसाऱ्याची शेवटची पायरी कुठे संपते ते मोजायचं.

तिल्ल्यांच्या विणीत गोलाई खरी गोल नसते. ती पायऱ्यापायऱ्यांनी बनते, कारण दर ओळीला रंगाची हद्द काही ताणे सरकवावी लागते. हे सरकवणं विणकर मोजून करतो, पण एखाद्या ओळीत एक ताणा इकडे किंवा तिकडे होतोच. एकाची चोच किंचित आखूड येते, दुसऱ्याची मान जरा जाड. जॅकार्डचा मोर छापल्यासारखा पुन्हा तोच येतो. कुठे चूक असली तर तीच चूक प्रत्येक मोरात, त्याच जागी दिसते.

जर खरी आहे का, हे फोटोत कळतं का?

काही अंशी. जरीचे ढोबळमानाने तीन प्रकार समजून घ्या.

खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्याभोवती चांदीची चपटी केलेली तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. टेस्टेड जरीत तार तांब्याची असते, तिच्यावर चांदीचा थर आणि वर सोनेरी रंग. तिसरी प्लास्टिक जर. ती म्हणजे धातूची चमक दिलेल्या पॉलिएस्टर फिल्मची बारीक पट्टी.

प्लास्टिक जर जवळच्या फोटोत बऱ्यापैकी ओळखू येते. पट्टी सपाट दिसते आणि प्रकाश एका बाजूने टाकला की पांढरे, टोकदार चमचमाट येतात. धातूच्या जरीत, मोठ्या फोटोत, तारेचे तिरके वेढे दिसतात आणि धागा वाकलेला असेल तिथे वेढ्यांच्या मधून आतला धागा दिसतो. तिची चमक मंद आणि पसरलेली असते.

खरी आणि टेस्टेड यांत नवी साडी असताना फोटोवरून फरक करता येत नाही. मी तरी करत नाही, आणि कोणी छातीठोकपणे करत असेल तर सावध राहा. साडी वापरलेली असेल तर घडीच्या रेषेचा फोटो घ्यायचा. तिथे मुलामा आधी झिजतो. खाली पांढुरकं दिसलं तर चांदी असण्याची शक्यता, लालसर दिसलं तर तांबं. काळेपणावरून मात्र ठरवू नका, चांदीही काळी पडते आणि तांबंही. हिरवट डाग दिसला तर तांबं आहे हे नक्की. आणि वीस वर्षांच्या म्हणून सांगितलेल्या साडीची जर घडीवरही जराशी मंद झाली नसेल, तर प्लास्टिकची शंका घ्या.

चांदी आणि सोनं किती आहे हे कोणताच फोटो सांगणार नाही. त्यासाठी धातू तपासणाऱ्या यंत्राखालीच जावं लागतं.

घरी जाळून पाहिलं तर चालेल का?

साडी तुमची झाली असेल तर, आणि निऱ्यांकडच्या आतल्या टोकाचा एकच धागा घेऊन. चिमट्यात धरून, सिंकच्या वर, कापडापासून लांब.

रेशीम केस जळल्याचा वास देतं, ज्योत काढली की लवकर विझतं आणि मागे बोटाने चुरगळणारी काळी राख राहते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. व्हिस्कोस कागदासारखं जळतं. ताणा आणि बाणा वेगवेगळे जाळा. ताणा रेशमाचा आणि बाणा भलताच, ही भेसळ एकच धागा जाळणाऱ्याला कधीच सापडत नाही.

जरीचा धागा जाळला की प्लास्टिक आक्रसून गोळा होतं. धातूच्या जरीचा आतला धागा जळून जातो आणि तारेची बारीक स्प्रिंग हातात राहते. ती पांढऱ्या कागदावर ठेवून नखाने घासा. लालसर निघाली तर तांबं.

विकणाऱ्याकडून कोणते फोटो मागायचे?

मी पाच मागते आणि त्यातला एक चुकवता येत नाही. पदराचा कोपरा असा दुमडायला सांगायचा की एका मोराची पुढची बाजू आणि शेजारच्याच मोराची उलटी बाजू एकाच फोटोत येईल. त्यावर आजच्या तारखेची चिठ्ठी ठेवायला सांगायचं. सुलट बाजू एका साडीची आणि उलट बाजू दुसऱ्या साडीची दाखवणं हा प्रकार नेहमी होतो आणि या एका फोटोने तो बंद होतो.

बाकीचे म्हणजे अंगावरच्या बुट्ट्यांची मागची बाजू, मोजपट्टी ठेवलेला जवळचा फोटो, वरच्या काठाची कड आणि तिरक्या उजेडातली जर. फ्लॅश नको, फिल्टर नको. दिवसा खिडकीजवळ काढायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि धागे एकमेकांत मिसळतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

आणखी एक फसवणूक कॅमेरा स्वतःच करतो. बारीक वीण दुरून टिपली की फोटोत लाटांसारखे पट्टे उमटतात. ते कापडात नसतात. फोन थोडा पुढे-मागे केल्यावर पट्टे बदलले तर ते कॅमेऱ्याचे समजायचे. हे पट्टे मोजून घनता काढलेली माणसंही मला भेटली आहेत.

एखादी साडी सुरुवातीपासून तपासून दाखवाल का?

गेल्या दिवाळीआधी एका ताईंनी जांभळ्या अंगाची, हिरव्या काठाची मोर-बांगडीची पैठणी ऑनलाइन घेतली. वर्णन होतं: शुद्ध रेशीम, हातमाग, खरी जर. घरात कोणीतरी म्हणालं, "मागे धागे निघालेत, मशीनची आहे." परत करायला चार दिवस शिल्लक होते.

मी दुमडलेल्या पदराचा फोटो मागवला. उलट्या बाजूला मोर पूर्ण रंगात होता, फक्त तोंड दुसरीकडे. निळ्या मानेच्या वरच्या टोकाला दोन आणि पायाशी एक अशी रेशमाची आखूड टोकं होती. घरच्यांनी पाहिलेले "धागे" ते हेच. एका मोरापासून दुसऱ्यापर्यंत जाणारा एकही धागा नव्हता.

मग तीन मोर शेजारी लावले. मधल्या मोराच्या पिसाऱ्याला डाव्या बाजूला एक पायरी जास्त होती आणि तिसऱ्याची चोच एका ओळीने आखूड होती. इथेच मी ताईंना लिहिलं, "पदर हाताचा आहे, निश्चिंत राहा."

अंगावरच्या बुट्ट्यांच्या मागे धागा बुट्टीच्या कडेवर वळून परत येत होता, पुढच्या बुट्टीकडे जात नव्हता. पाच जागी बाणा मोजला तेव्हा सेंटीमीटरला 27, 29, 26, 28 आणि 30 आले. सरासरी 28, म्हणजे इंचाला साधारण 71. हा चढउतार पदराच्या पुराव्याशी जुळत होता. ताणा अंगात 36 आणि पदरातही 36 होता, म्हणजे जोडकाम नव्हतं.

राहिली जर. फोटोत तिरके वेढे स्पष्ट दिसत होते, म्हणून प्लास्टिक नाही एवढं ठरलं. नव्या साडीत यापुढे फोटो काही सांगणार नव्हता. ताईंनी आतल्या टोकाचा जरीचा एक धागा ओढून जाळला, स्प्रिंग कागदावर घासली आणि फोटो पाठवला. ती लालसर तपकिरी होती. रेशमाचे ताणा-बाणा दोन्ही धागे जळून केसांचा वास आला आणि राख चुरगळली.

म्हणजे तीन दाव्यांपैकी दोन खरे होते आणि तिसरा खोटा. साडी हातमागाची, रेशीम शुद्ध, जर टेस्टेड. ताईंनी साडी ठेवली. विकणाऱ्याला फोटो पाठवून जरीच्या फरकाचे पैसे मागितले आणि काही रक्कम परत मिळाली. घरच्यांचं ऐकून "मशीनची" म्हणून परत केली असती तर महिन्याभराची हाताची मेहनत चुकीच्या आरोपाखाली परत गेली असती.

सिल्क मार्क असेल तर हे सगळं करायची गरज आहे का?

सिल्क मार्क केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने 2004 मध्ये सुरू झाला आणि तो फक्त रेशमाच्या शुद्धतेबद्दल बोलतो. साडी कोणत्या मागावर विणली किंवा जर कसली आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमी साडीलाही तो लागू शकतो. हातमागासाठी वेगळा हॅंडलूम मार्क आहे, तो 2006 मध्ये आला. पैठणीला भौगोलिक मानांकनही आहे. टॅगचा फोटो आला तर त्यावरचा क्रमांक किंवा क्यूआर कोड वाचता येतो का ते बघा आणि टॅग साडीला शिवलेला आहे की नुसता वर ठेवलेला, हेही बघा. सुटा टॅग कोणत्याही साडीवर ठेवून फोटो काढता येतो.

एकाच धोट्याने विणलेल्या एकधोटी साडीच्या अंगात दोन रंग दिसतात, तो दोष आहे का?

नाही. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की हालचालीबरोबर रंग बदलतो, त्याला धूपछांव म्हणतात. अशा साडीचा एकच फोटो रंग चुकीचा दाखवतो. दोन कोनांतून मागा.

घेतल्यावर कळलं की साडी जॅकार्डची यंत्रमागाची आहे. आता काय?

फॉल-पिको, पॉलिश, ड्रायक्लीन यातलं काहीच करू नका. टॅग काढू नका. दुमडलेल्या पदराचा, तीन मोरांचा आणि कडेचा फोटो काढा, विक्रेत्याने लिहिलेल्या वर्णनाचा स्क्रीनशॉट आणि पावती त्याच्यासोबत ठेवा. तक्रारीत "साडी खोटी आहे" असं लिहू नका. "वर्णनात हातमाग लिहिलं आहे, पदराच्या उलट्या बाजूला जॅकार्डचे सलग मोकळे धागे आहेत आणि कड कापलेल्या टोकांची आहे" असं, जे दिसतं तेवढंच लिहा. विक्रेत्याने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, तिथे हेच फोटो आणि हेच वाक्य द्या.